भारतीय घरांमध्ये २५ हजार टन सोनं? हा आकडा येतो कुठून आणि सरकारला तो का हवा असतो?

सोन्याचा भाव वाढला की एक मेसेज हमखास फिरायला लागतो. भारतातल्या महिलांकडे २५ हजार टन सोनं आहे, हे जगातल्या एकूण सोन्याच्या ११ टक्के आहे आणि अमेरिका, जर्मनी, इटली, फ्रान्स, रशिया या पाच देशांच्या सरकारी तिजोऱ्या एकत्र केल्या तरी एवढं सोनं भरत नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. खाली नथ घातलेल्या बाईचा फोटो आणि 'अभिमान असेल तर शेअर करा'.

आकडा हवेतून आलेला नाही. २४ ते २५ हजार टन हा वर्ल्ड गोल्ड काउन्सिल या संस्थेचा अंदाज आहे. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये मॉर्गन स्टॅनली या गुंतवणूक बँकेनं दुसरा आकडा दिला. जून २०२५ पर्यंत भारतीय कुटुंबांकडे ३४,६०० टन सोनं होतं, त्याची किंमत सुमारे ३.८ लाख कोटी डॉलर, म्हणजे देशाच्या जीडीपीच्या जवळपास ८९ टक्के, असं त्यांचं म्हणणं.

या दोन अंदाजांमध्ये ९,६०० टनांचं अंतर आहे. मॉर्गन स्टॅनलीच्याच हिशेबानं त्याची किंमत एक लाख कोटी डॉलरच्या वर जाते. रिझर्व्ह बँकेकडचा सगळा परकीय चलनसाठा तेव्हा ७० हजार कोटी डॉलरच्या आसपास होता. म्हणजे घरातल्या सोन्याच्या दोन अंदाजांमधला नुसता फरकच देशाच्या परकीय गंगाजळीपेक्षा मोठा आहे.

मग हे सोनं मोजतात तरी कसं? आणि आकड्याची ही गत असताना सरकार, रिझर्व्ह बँक आणि अर्थतज्ज्ञ त्याच्या मागे का असतात?

कपाट न उघडता सोनं कसं मोजतात?

घरोघरी तराजू घेऊन कुणीच गेलेलं नाही. पद्धत वेगळी आहे. समजा, एका हौदात किती पाणी आहे हे तुम्हाला सांगायचंय, पण आत डोकावता येत नाही. फक्त नळाला मीटर आहे. मग तुम्ही रोज किती पाणी आत गेलं ते लिहून ठेवाल, बाहेर किती गेलं ते वजा कराल आणि पहिल्या दिवशी हौदात किती पाणी असेल याचा एक अंदाज धराल. घरातल्या सोन्याचा हिशेब असाच होतो.

भारतात ही पद्धत बऱ्यापैकी चालते, कारण आपल्याकडे सोनं खाणीतून जवळपास निघतच नाही. कोलारची खाण २००१ मध्ये बंद झाली. कर्नाटकातल्या हट्टीच्या खाणीतून वर्षाला दीड-दोन टन निघतं. बाकीचं सगळं सोनं बाहेरून येतं, आणि बाहेरून येणाऱ्या मालाची कस्टममध्ये नोंद होते. म्हणजे मुख्य नळाला मीटर आहे.

२०२४ या एका वर्षाचा हिशेब करून बघू. वर्ल्ड गोल्ड काउन्सिलच्या आकडेवारीनुसार त्या वर्षी भारतीय ग्राहकांनी ८०३ टन सोनं विकत घेतलं. त्यातले ५६३ टन दागिने होते आणि २३९ टन नाणी-बिस्किटं. पण हे सगळं सोनं घरांतल्या साठ्यात नवीन पडलं, असं म्हणता येत नाही. त्याच वर्षी लोकांनी ११४ टन जुनं सोनं रोख पैसे घेऊन विकलं. ते घराबाहेर पडलं, आटवलं गेलं आणि पुन्हा बाजारात आलं. ८०३ मधून ११४ वजा केले की उरतात ६८९ टन. तेवढी खरी भर.

आता हा आकडा दुसऱ्या बाजूनं तपासता येतो. २०२४ मध्ये देशात सुमारे ७१२ टन सोनं आयात झालं. उद्योगांना लागणारं सोनं, निर्यात झालेले दागिने आणि व्यापाऱ्यांकडे शिल्लक राहिलेला माल लक्षात घेतला तर ६८९ आणि ७१२ हे आकडे एकमेकांना बऱ्यापैकी धरून आहेत. एका वर्षाचा हिशेब असा जुळतो. अडचण सुरू होते ती ५०-६० वर्षांची बेरीज करताना.

तेच सोनं दोनदा मोजलं तर?

पहिला धोका दुहेरी मोजणीचा. समजा, एका बाईंनी ४० ग्रॅमच्या जुन्या पाटल्या मोडीत दिल्या आणि वर पैसे घालून ५० ग्रॅमचं गंठण घेतलं. सराफाच्या बिलावर ५० ग्रॅमची विक्री दिसते. घरात मात्र १० ग्रॅमचीच भर पडली. बिलावरचे ५० ग्रॅम साठ्यात मिळवले तर ४० ग्रॅम दुसऱ्यांदा मोजले जातात.

आपल्याकडे लग्नसराईत मोड देऊन नवीन दागिना घेणं अगदी रोजचं आहे, त्यामुळे हा तपशील छोटा नाही. वर्ल्ड गोल्ड काउन्सिलच्या व्याख्येत 'पुनर्वापर' म्हणजे फक्त रोखीनं विकलेलं सोनं. दागिन्याच्या बदल्यात दागिना घेतला तर तो व्यवहार त्यात धरत नाहीत. वर सांगितलेले ११४ टन हे रोखीनं विकलेलंच सोनं आहे. कुणी नुसत्या विक्रीची बेरीज केली आणि ही वजाबाकी विसरलं, तर दहा वर्षांत साठा हजार टनांनी फुगतो.

ही चूक सरकारी आकडेवारीतही होऊ शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सोन्याची आयात १,४८० कोटी डॉलर झाल्याचं वाणिज्य मंत्रालयाच्या पहिल्या आकडेवारीत आलं. एका महिन्यात एवढी आयात कधी झालीच नव्हती. व्यापारी तूट विक्रमी दिसली आणि बाजारात चिंता पसरली. नंतर तपासणी झाली तेव्हा कळलं, की जुलैमध्ये नोंदणीची पद्धत बदलल्यानंतर गोदामांत आलेलं सोनं दोनदा मोजलं जात होतं. सुधारित आकडा निघाला ९८४ कोटी डॉलर. एका महिन्याच्या आकड्यातून जवळपास ५०० कोटी डॉलरचं सोनं कागदावरून नाहीसं झालं. मीटर आहे म्हणजे तो बरोबरच फिरतो, असं नाही.

मीटर नसलेला पाइप

दुसरा धोका तस्करीचा. स्वातंत्र्यानंतर अनेक दशकं सोन्याच्या आयातीवर कडक निर्बंध होते. १९६३ मध्ये मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना सुवर्ण नियंत्रण आलं आणि १४ कॅरेटपेक्षा शुद्ध दागिने घडवायला बंदी झाली. १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. लग्नं काही थांबली नव्हती. सोनं दुबईहून गलबतांतून मुंबई, कोकण आणि गुजरातच्या किनाऱ्यावर उतरत होतं. त्या काळातल्या आयातीचा अधिकृत आकडा जवळपास शून्य आहे आणि घरात आलेलं सोनं मात्र खरं आहे. ही सगळी वर्षं अंदाजानंच भरून काढावी लागतात.

आता साधं गणित करा. एका तज्ज्ञानं दरवर्षी १०० टन तस्करी धरली आणि दुसऱ्यानं २०० टन. एका वर्षात फरक १०० टनांचा, फार वाटत नाही. ६० वर्षांत तोच फरक ६,००० टन होतो. हौदात सुरुवातीला किती पाणी होतं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं सोनं किती, हा अंदाज प्रत्येकाचा वेगळा. त्यात देवस्थानांकडचं सोनं धरायचं की नाही, हा आणखी एक प्रश्न. त्यामुळे दोन जाणकार, दोघांनीही प्रामाणिकपणे हिशेब केला तरी, एक २५ हजारांवर आणि दुसरा ३४ हजारांवर पोहोचू शकतो.

मग लोकांनाच का विचारत नाहीत?

विचारतात. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात कुटुंबांची कर्जं आणि मालमत्ता यांची पाहणी होते. २०१३ च्या पाहणीच्या आधारे रिझर्व्ह बँकेच्या एका समितीनं २०१७ मध्ये अहवाल दिला. अर्थतज्ज्ञ तरुण रामदोराई त्या समितीचे अध्यक्ष होते. सरासरी भारतीय कुटुंबाच्या मालमत्तेत ७७ टक्के वाटा घर-जमिनीचा, ११ टक्के सोन्याचा आणि बँक ठेवी, विमा, शेअर असं सगळं मिळून जेमतेम ५ टक्के, असं त्यात दिसलं.

मालमत्तेत सोन्याचा वाटा किती, हे समजायला अशी पाहणी उपयोगी आहे. पण एकूण टन काढायला ती कच्ची पडते. दारात आलेल्या अनोळखी माणसाला 'घरात किती तोळे आहे' याचं खरं उत्तर कोण देणार? ही भीती जुनी आहे. प्राप्तिकर खात्याची १९९४ ची एक सूचना आहे. छापा पडला तर विवाहित महिलेचे ५०० ग्रॅम, अविवाहित महिलेचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅम दागिने जप्त करू नयेत, असं त्यात अधिकाऱ्यांना सांगितलं आहे. तो जप्तीबद्दलचा नियम आहे. नोटबंदीनंतर मात्र त्याचा अर्थ 'एवढंच सोनं ठेवायची परवानगी' असा पसरला आणि डिसेंबर २०१६ मध्ये सरकारला खुलासा करावा लागला. अशा वातावरणात पाहणीत सोनं कमीच सांगितलं जातं. शिवाय खूप श्रीमंत घरं अशा पाहण्यांत फारशी सापडत नाहीत.

आता २५ हजार टनांचा आकडा घरात आणून बघा. देशात ढोबळमानानं ३० कोटी कुटुंबं धरली तर प्रत्येकी सुमारे ८३ ग्रॅम येतात, म्हणजे सराफाच्या हल्लीच्या १० ग्रॅमच्या तोळ्यानं आठ तोळे. ३४,६०० टन धरले तर साडेअकरा तोळे. हेही शुद्ध सोन्याचं वजन आहे. २२ कॅरेटच्या दागिन्यांत सोनं ९१.६ टक्केच असतं, म्हणजे दागिन्यांचं वजन याहून थोडं जास्त भरेल.

तुमच्या ओळखीतल्या किती घरांत आठ तोळे आहेत? घरकाम करणाऱ्या मावशींकडे, शेतमजुराकडे? सरासरी हा शब्द इथे फसवतो. एका घरात ८० तोळे आणि नऊ घरांत काहीच नसेल, तरी दहा घरांची सरासरी आठ तोळेच येते. आणि मेसेजमध्ये लिहिलेलं 'महिलांकडे' तर या हिशेबात कुठेच नाही. आयात आणि विक्रीचे आकडे कुटुंबाचे असतात. ते सोनं कुणाच्या नावावर आहे, कुणाच्या अंगावर आहे आणि विकायचा निर्णय कोण घेतं, हे त्यातून कळत नाही.

सरकारला या आकड्याचं करायचं काय?

पहिलं कारण डॉलरचं. आपण सोनं रुपयांत घेतो, पण देश ते डॉलर देऊन आणतो. २०१२-१३ मध्ये देशाची चालू खात्यावरची तूट जीडीपीच्या ४.८ टक्क्यांवर, म्हणजे आजवरच्या सर्वात वरच्या पातळीवर गेली. ती तूट ८,८०० कोटी डॉलरच्या आसपास होती आणि त्या वर्षी सोन्याची आयातच ५,४०० कोटी डॉलरच्या घरात होती. तेव्हाचे अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी लोकांना सोनं घेऊ नका, असं आवाहन केलं. २०१२ च्या सुरुवातीला २ टक्के असलेलं आयात शुल्क ऑगस्ट २०१३ पर्यंत १० टक्क्यांवर गेलं. अधिकृत आयात घटली, तूट आटोक्यात आली आणि विमानतळांवर तस्करीचं सोनं सापडण्याचं प्रमाण वाढलं. म्हणजे पाण्याचा काही भाग मीटर नसलेल्या पाइपाकडे वळला. पुढे शुल्क १५ टक्क्यांपर्यंत चढलं आणि जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात ते ६ टक्क्यांवर आणलं, तेव्हा तस्करी कमी करणं हाही एक उद्देश होता.

दुसरं कारण मोहाचं. देशात आधीच २५ हजार टन पडलेलं असताना दरवर्षी ७०० टन नवीन कशाला आणायचं? घरातलंच सोनं बाजारात फिरवता आलं तर? १९९१ च्या संकटात देशाकडे डॉलर उरले नव्हते, तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ४७ टन सोनं परदेशात गहाण ठेवावं लागलं होतं. त्याच वेळी घरांमध्ये हजारो टन सोनं होतं, पण ते सरकारचं नव्हतं. आजही रिझर्व्ह बँकेकडे सुमारे ८८० टन आहे. घरातल्या सोन्यापुढे ते अगदी थोडं.

हा मोह प्रत्यक्षात आणायचा प्रयत्न नोव्हेंबर २०१५ मध्ये झाला. सुवर्ण मुद्रीकरण योजनेत सोनं बँकेत ठेवायचं आणि त्यावर वर्षाला सव्वादोन-अडीच टक्के व्याज घ्यायचं, अशी कल्पना होती. नोव्हेंबर २०२४ पर्यंत त्यात ३१,१६४ किलो, म्हणजे ३१ टन सोनं जमा झालं. मार्च २०२५ मध्ये सरकारनं योजनेतल्या मध्यम आणि दीर्घ मुदतीच्या ठेवी बंद केल्या. २५ हजार टनांचा अंदाज धरला तर नऊ वर्षांत घरातल्या एका किलोमागे सव्वा ग्रॅम सोनं बाहेर आलं.

असं का झालं, हे कोणत्याही घरात विचारलं तर कळेल. ठेव ठेवताना दागिना आटवला जात होता. खडे, मीना, डाग वजा होऊन शुद्ध सोन्याचं जे वजन येईल तेवढीच नोंद. आजीच्या पाटल्या दिल्या आणि मुदतीनंतर सोनं किंवा पैसे मिळाले, तरी पाटल्या परत येणार नव्हत्या. शिवाय हे सोनं कुठून आणलं, याची कागदोपत्री नोंद होणार, ही भीती होतीच. टनांचा आकडा बघून योजना आखणाऱ्यांसाठी यातला धडा स्पष्ट आहे. साठा किती मोठा आहे यापेक्षा त्यातलं किती सोनं हलू शकतं, हे जास्त महत्त्वाचं.

तिसरं कारण याच प्रश्नाशी जोडलेलं आहे. २०२४ मध्ये विकलं गेलेलं ११४ टन जुनं सोनं २५ हजार टनांच्या अर्धा टक्काही भरत नाही. हेच प्रमाण एक टक्का झालं तर वर्षाला २५० टन सोनं देशातच मिळेल आणि आयात शंभराहून जास्त टनांनी कमी होऊ शकेल. म्हणून भाव वाढला की अर्थतज्ज्ञ बघतात, लोक सोनं विकायला काढतायत का?

लोक विकत नाहीत, तारण ठेवतात. सोन्यावर कर्ज काढलं की पैसा हातात येतो आणि दागिनाही आपलाच राहतो. बँकांची सोनेतारण कर्जं २०२४-२५ या वर्षात दुपटीच्या आसपास वाढली. मग जून २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं नवे नियम काढले. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत, पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के, अशी मर्यादा एप्रिल २०२६ पासून ठरवली. इथे घरातल्या सोन्याचा अंदाज थेट उपयोगी पडतो. साठा मोठा आणि भाव चढता असेल तर कर्ज काढायची लोकांची ऐपत वाढते. पण भाव घसरला तर तारणाची किंमत एकाच वेळी लाखो घरांत कमी होते, आणि त्याचा सगळ्यात मोठा फटका ज्याच्याकडे चारच तोळे होते आणि तेही गहाण पडले, त्या घराला बसतो.

पुढच्या वेळी मेसेज आला तर

तीन गोष्टी तपासा. आकडा साठ्याचा आहे की एका वर्षाच्या खरेदीचा? जुन्या सोन्याची वजाबाकी केली आहे का? आणि किंमत सांगितली असेल तर कोणत्या तारखेच्या भावानं? भाव दुप्पट झाला की घरातल्या सोन्याची किंमत दुप्पट होते, पण कपाटात एक ग्रॅमही वाढलेला नसतो. 'भारतीयांकडचं सोनं वाढलं' असं सांगणाऱ्या बातम्यांमध्ये बहुतेक वेळा वाढलेला असतो तो भाव.